उसाचं बिल, दुकानाचा गल्ला आणि व्हिसाची फाइल

वाळवा तालुक्यातल्या एका घराचा हा हिशोब आहे. दोन भावांची मिळून सहा एकर बागायत, सगळा ऊस. धाकट्याचं गावातल्या चौकात किराणा दुकान, दारात दोन म्हशी. धाकट्याचा मुलगा इंजिनिअर झाला आणि कॅनडातल्या एका कॉलेजात त्याला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. स्टडी परमिटचा पहिला अर्ज फेटाळला गेला. नकारपत्रात पैशांबद्दल एकच वाक्य होतं. तुमची आर्थिक स्थिती या प्रवासाच्या हेतूला पुरेशी वाटत नाही, असा त्याचा अर्थ. मुलाचे वडील मला म्हणाले, "पैसा खरा हाय, जमीन खरी हाय, दुकान रोज उघडं असतंय. मग कागदावर आमी खोटं कसं ठरलो?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यांची जुनी फाइल मी पानापानाने वाचली. त्यात खोटं काही नव्हतं. पण एक पान जे सांगत होतं, ते पुढचं पान खोडून काढत होतं.

कॅनडा काय मागतं, ते आधी पाहू. एकट्या विद्यार्थ्यासाठी, क्यूबेक सोडून इतर प्रांतांत, एका वर्षाच्या राहण्या-खाण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. हा आकडा १ सप्टेंबर २०२५ पासूनचा आहे. त्याशिवाय पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च वेगळा धरायचा. डॉलरला ६३ रुपये धरले तर राहण्याचे साधारण १४ लाख ४२ हजार होतात. फी १८ हजार डॉलर असेल तर तिचे ११ लाख ३४ हजार. तिकीट वगैरे मिळून २७ लाखांची बेगमी झाली. ही झाली शिल्लक. पण अर्ज पाहणारा अधिकारी तेवढ्यावर थांबत नाही. हे २७ लाख कुठून आले आणि दुसऱ्या वर्षाची फी कुठून येणार, हे त्याला कळायला हवं असतं. शिल्लक आणि उत्पन्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शेतकऱ्याच्या घरात पहिल्याचं उत्तर कसंबसं जमवलं जातं आणि दुसऱ्याकडे कुणी पाहतच नाही.

नोकरदाराचं काम सोपं असतं. पगारपत्रक, फॉर्म १६, महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होणारा पगार, तिन्हींत एकच आकडा. शेती आणि दुकान असणाऱ्या घरात तो एक आकडा दाखवणारा कागदच नसतो. तो चार-पाच कागदांतून उभा करावा लागतो, आणि तिथेच या घराचं बिनसलं.

पहिली गोष्ट उसाची. सातबाऱ्यावर दोन्ही भावांची नावं आहेत, खातं सामाईक आहे. बहिणींची हक्कसोडपत्रं पूर्वीच झालेली. पण साखर कारखान्याकडे उसाची नोंद थोरल्याच्या एकट्याच्या नावावर, कारण वडील गेल्यावर नोंदीचं काम त्यानेच पाहिलं. साहजिकच उसाचं बिल त्याच्याच खात्यावर पडतं. विकास सोसायटीचं पीककर्जही त्याच्याच नावावर. थोरला आपल्या भावाचा वाटा रोख देतो, वहीत लिहून ठेवतो. गेल्या वीस-बावीस वर्षांत त्यात एका रुपयाचाही वाद झालेला नाही. पण धाकट्याच्या बँक खात्यात उसाचा एक पैसाही दिसत नाही. आणि एजंटने पहिल्या फाइलमध्ये धाकट्याचं 'शेती उत्पन्न' म्हणून साडेसहा लाखांचा दाखला लावला होता.

साडेसहा लाख कुठून आले? सहा एकरांत एकरी ४५ टन धरले तर २७० टन ऊस होतो. तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला ३,१०० रुपये हातात आले तर बिल होतं ८ लाख ३७ हजार. त्यातून तीन लाखांचं सोसायटीचं कर्ज कारखान्याकडूनच परस्पर वळतं होतं. थोरल्याच्या खात्यात पडतात ५ लाख ३७ हजार, तेही दोन-तीन हप्त्यांत. धाकट्याचा रोख वाटा २ लाख ६८ हजार ५००. बियाणं, खत, मजुरी, पाणीपट्टी असा एकूण खर्च जाता त्याच्या तीन एकरांचं निव्वळ उत्पन्न अडीच लाखांच्या आसपास. साडेसहा लाख हा आकडा कुठल्याच हिशोबात बसत नाही. एजंटने तो 'बरा दिसावा' म्हणून लिहून घेतला होता.

दुसऱ्या फाइलच्या वेळी त्यांनी जे केलं ते कुठल्याही गावात करता येण्यासारखं आहे. गाळप हंगामाच्या आधी कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन तीन एकरांची ऊस नोंद धाकट्याच्या नावावर वेगळी करायला दिली. ती नोंद नव्या लागणीपासून होणार होती, म्हणून उभ्या उसाच्या बिलातला वाटा थोरल्याने या वेळी रोख न देता बँकेतून पाठवला. हप्ता जमा झाला की दोन दिवसांत निम्मे पैसे भावाच्या खात्यावर, आणि शेऱ्यात 'ऊस बिल वाटा'. फाइलमध्ये चार कागद एकामागोमाग लावले: कारखान्याचं बिल, सोसायटीचा कर्ज खाते उतारा, थोरल्याचं बँक स्टेटमेंट, धाकट्याचं बँक स्टेटमेंट. सोबत थोरल्याचं एक पानी पत्र, की जमीन सामाईक आहे, नोंद माझ्या नावावर आहे, निम्मा वाटा भावाचा आहे. बिल ८ लाख ३७ हजारांचं असताना खात्यात ५ लाख ३७ हजारच का आले, हे सोसायटीच्या उताऱ्यावरून कुणालाही समजतं. तो उतारा नसेल तर तीन लाख हवेत राहतात.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. कॅनडा बँक स्टेटमेंट मागतं ते मागच्या चार महिन्यांचं. उसाचे पैसे येतात डिसेंबर ते एप्रिलमध्ये. जानेवारीच्या प्रवेशासाठी सप्टेंबरात अर्ज केला तर मे ते ऑगस्टच्या स्टेटमेंटात शेती दिसतच नाही, उलट खर्चच दिसतो. म्हणून शेतकऱ्याने स्टेटमेंट बारा महिन्यांचं लावावं. चार महिने ही किमान मागणी आहे, जास्त लावायला बंदी नाही.

सातबाऱ्याचं भाषांतर हीही दुखरी जागा आहे. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रत लागते, आणि भाषांतर घरातल्या माणसाचं चालत नाही. या घराच्या सातबाऱ्यावर क्षेत्र होतं २.४३.००, म्हणजे २ हेक्टर ४३ आर. एक एकर म्हणजे साधारण साडेचाळीस आर, तेव्हा हे सहा एकर झाले. पहिल्या भाषांतरात 'दोन पूर्णांक त्रेचाळीस एकर' छापलं होतं. म्हणजे दाखल्यात सहा एकर आणि उताऱ्यात अडीच. अर्ज पाहणाऱ्याला आपला हेक्टर-आर माहीत असण्याचं कारण नाही. त्याला एवढंच दिसतं की हा माणूस जमीन दुपटीहून जास्त फुगवून सांगतो आहे. डिजिटल सही असलेला सातबारा आणि आठ-अ सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या मिळतो. ई-पीक पाहणीत ऊस नोंदवलेला असेल तर तो सातबाऱ्यावर दिसतो. पाहणी न करता क्षेत्र 'पडीक' राहिलं असेल, तर उसाचं बिल आणि सातबारा एकमेकांशी भांडतात. ती नोंद हंगामातच करावी लागते, मागाहून नाही.

आता दुकान. दुकानाची उलाढाल वर्षाला २४ लाखांच्या घरात. साधारण १५ लाख रोख, ९ लाख यूपीआयने. कर सल्लागार दरवर्षी अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीखाली सुगम म्हणजे आयटीआर-४ भरायचा. रोख विक्रीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. १ लाख २० हजार आणि ५४ हजार मिळून उत्पन्न १ लाख ७४ हजार. प्रत्यक्षात भाडं नाही, नोकर नाही, घरचीच माणसं राबतात, त्यामुळे दुकान वर्षाला २ लाख ९० हजारांच्या आसपास देतं. कायद्यातले ८ आणि ६ टक्के ही किमान मर्यादा आहे. त्याहून जास्त मिळालं असेल तर जास्त दाखवायचं असतं. पण सल्लागाराने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

आणखी एक गफलत आयटीआर-४मध्येच होती. शेतीचं उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर हा फॉर्म चालत नाही. ते करमुक्त असलं तरी आयटीआर-३ भरून त्यातल्या करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात दाखवावं लागतं. सल्लागाराने सोपा फॉर्म धरला आणि शेतीचा रकाना कोरा ठेवला. आता फाइल डोळ्यांसमोर आणा. रिटर्नमध्ये शेती उत्पन्न शून्य, दाखल्यात साडेसहा लाख, बँकेत उसाचा रुपया नाही, भाषांतरात अडीच एकर. अधिकाऱ्याने याहून वेगळा निर्णय दिला असता तरच नवल.

दुधाचंही इथेच सांगून टाकतो. आपण दुधाला शेतीचा जोडधंदा म्हणतो, पण आयकराच्या दृष्टीने ते शेतीचं उत्पन्न नव्हे. दूध संस्थेच्या दहा-दहा दिवसांच्या बिलांतून खर्च वजा जाता या घराला वर्षाला ६० हजार सुटतात. ते धंद्याच्या उत्पन्नात गेले. दूध संस्थेची बिलं मात्र फाइलमध्ये फार उपयोगी पडली, कारण वर्षभर ठरलेल्या दिवशी बँकेत जमा होणारी या घरातली तेवढी एकच रक्कम.

मग खरं उत्पन्न किती? ऊस २ लाख ५३ हजार, दुकान २ लाख ९० हजार, दूध ६० हजार. एकूण सहा लाखांच्या जरा वर. हा आकडा मी या लेखात सर्वांत महत्त्वाचा मानतो. तो कुणाला सांगायला हे घर वर्षानुवर्षं घाबरत होतं. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढला होता, तो १ लाख १० हजारांचा. रिटर्न १ लाख ७४ हजारांचं. व्हिसासाठी दाखला साडेसहा लाखांचा, तोही नुसत्या शेतीचा. एकाच घराची तीन उत्पन्नं.

आणि यातून मिळालं काय? ज्या फी सवलतीसाठी १ लाख १० हजार दाखवले, त्या राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा ८ लाख आहे. सहा लाख खरे सांगितले असते तरी सवलत मिळालीच असती. कराचंही तेच. नव्या करपद्धतीत ७ लाखांपर्यंत कर पडत नव्हता, २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून ती मर्यादा १२ लाख झाली. दुकान आणि दूध मिळून साडेतीन लाख दाखवले असते, शेती वेगळी दाखवली असती, तरी कर शून्यच होता. आकडा कमी सांगून या घराने एक रुपया वाचवला नाही. फक्त सवय होती. 'कमी सांगितलेलं बरं' ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि तिला एके काळी कारणंही होती. आज सहा-सात लाखांच्या घराला तिचा फायदा काही नाही, तोटा मात्र नेमका व्हिसाच्या आणि कर्जाच्या वेळी होतो.

म्हणून पुढचं रिटर्न आयटीआर-३ने, खऱ्या आकड्यांनी, मुदतीत भरलं. मागच्या वर्षांची रिटर्नं एका दमात बदलून घ्या, असा सल्ला एकाने दिला होता. तो त्यांनी मानला नाही, हे बरं केलं. पोचपावतीवर भरल्याची तारीख छापलेली असते, आणि अर्जाच्या आदल्या महिन्यात भरलेली तीन वर्षांची रिटर्नं संशय वाढवतात. त्याऐवजी खुलासापत्रात साधं लिहिलं: आधीची रिटर्नं किमान टक्केवारीने भरली होती, शेतीचं उत्पन्न दाखवलं नव्हतं, या वर्षापासून पूर्ण दाखवलं आहे, सोबत कारखान्याची मागच्या तीन हंगामांची बिलं जोडली आहेत. सनदी लेखापालाचं प्रमाणपत्रही नव्याने घेतलं, त्यात बिलांचा आणि खात्यांचा उल्लेख. अशा प्रत्येक प्रमाणपत्रावर १८ आकडी यूडीआयएन असतो आणि तो कुणालाही ऑनलाइन तपासता येतो. पहिल्या फाइलमधल्या दाखल्यावर तो नव्हता.

दुकानात आणखी एक गाठ होती, ती अनेक घरांत असेल. काउंटरवरचा क्यूआर कोड मुलाच्या बचत खात्याचा होता. स्मार्टफोन त्याच्याकडे, म्हणून कोडही त्याचाच. त्यामुळे दुकानाचे वर्षाचे नऊ लाख अर्जदार विद्यार्थ्याच्याच खात्यात पडत आणि तिथून किराणा व्यापाऱ्याला जात. ज्याचं स्वतःचं उत्पन्न अर्जात शून्य लिहिलं होतं, त्याच्या खात्यात रोज पन्नास-साठ जमा. दुकानाच्या नावाने चालू खातं काढून कोड तिकडे वळवला, दर दोन-तीन दिवसांनी गल्ल्यातली रोकड तिथे भरायला सुरुवात केली आणि होलसेल व्यापाऱ्याचे पैसे तिथूनच दिले. शॉप ॲक्टची पावती आणि उद्यम नोंदणी होतीच. सहा महिन्यांत दुकान कागदावर उभं राहिलं.

आता २७ लाखांकडे येऊ, कारण सहा लाख उत्पन्नाच्या घरात ते शिलकीतून येत नाहीत, हे अधिकाऱ्यालाही कळतं. पहिल्या वेळी एजंटने 'फंड दाखवून देतो' म्हणून एका आठवड्यासाठी कुठूनतरी १५ लाख खात्यात फिरवले होते. खात्यात वर्षभर तीस-चाळीस हजार आणि अर्जाच्या आठ दिवस आधी १५ लाख, हे पानावर नजर टाकताच दिसतं. अशा पैशाचा खुलासा देता येत नाही, आणि खोटा दिला तर प्रश्न नकारापुरता राहत नाही. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती किंवा खोटा कागद दिल्याचं ठरलं तर पाच वर्षांची बंदी येते. हे घर थोडक्यात वाचलं.

दुसऱ्या वेळची उभारणी अशी: १८ लाखांचं शैक्षणिक कर्ज, वडिलांची तीन वर्षांपूर्वीची ५ लाखांची मुदत ठेव, काकांचे ४ लाख. काकांनी पैसे बँकेतून दिले, सोबत बक्षीसपत्र आणि त्यांचं स्वतःचं वर्षाचं स्टेटमेंट.

कर्जाच्या वेळी जमीन कामाला येईल असं या घराने गृहीत धरलं होतं. सहा एकर बागायत, बाजारभावाने मोठी रक्कम. पण शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन तारण घ्यायला सहसा तयार नसतात. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँका ज्या सरफेसी कायद्याने मालमत्ता ताब्यात घेतात, तो शेतजमिनीला लागू नाही, आणि महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते. व्हिसाच्या फाइलमध्येही दोन कोटींचं मूल्यांकन लावून फारसं साधत नाही, कारण अधिकाऱ्याला खर्च करता येणारा पैसा हवा असतो. जमिनीचा उपयोग उत्पन्नाचा उगम दाखवण्यापुरता.

अखेर तारण गेलं ते घर. गावठाणातल्या घराला पूर्वी ग्रामपंचायतीचा नमुना आठ एवढाच कागद असायचा आणि बँका तेवढ्यावर थांबत नसत. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजणी झाली आणि घराची मिळकत पत्रिका हातात आली, तिच्यावर कर्ज मंजूर झालं. ज्यांच्या गावात मोजणी झाली आहे आणि पत्रिका अजून भूमी अभिलेख कार्यालयातच पडून आहे, त्यांनी ती आधी आणावी.

पैसे कुठे ठेवले आहेत यालाही महत्त्व आहे. या घराची काही रक्कम गावातल्या पतसंस्थेत होती, व्याज जरा जास्त म्हणून. पतसंस्था सहकार खात्याच्या देखरेखीखाली असतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसाच्या नियमांत तर पैसे नियमनाखालच्या आणि संगणकीय नोंदी ठेवणाऱ्या वित्तसंस्थेत असणं बंधनकारक आहे, आणि ते सलग २८ दिवस खात्यात लागतात. पतसंस्थेतली ठेव मोडून ती बँकेत आणायची, तर अर्जाच्या सहा महिने तरी आधी आणावी आणि ठेव मोडल्याची पावती जपून ठेवावी. जर्मनीची वाट वेगळी आहे. तिथे वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात भरले की आई-वडिलांच्या उत्पन्नाचा प्रश्न बहुतेक मागे पडतो. उत्पन्नाचे कागद उभे करणं ज्यांना खरोखर अशक्य आहे, त्यांनी देश निवडतानाच हा फरक लक्षात घ्यावा.

दुसऱ्या फाइलवर परवाना मिळाला. तिच्या वर एक पानी तक्ता होता. डाव्या बाजूला बँकेतली प्रत्येक मोठी जमा, तारखेसह. उजव्या बाजूला ती कशाची आणि तिचा कागद कितव्या पानावर. मुलाच्या आईने तो तयार केला. दुकानाची वही त्याच लिहितात. त्या म्हणाल्या, "उधारीच्या वहीत आमी असंच लिवतो की. कुणाचं, कवा, कशापायी." कोणत्याही सल्लागाराने दिलेल्या कागदापेक्षा तो तक्ता मला जास्त नीट वाटला.

दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटतील. ज्यांची मुलं पुढच्या वर्षी अर्ज करणार आहेत, त्यांनी पहिल्या उचलीआधी तीन कामं उरकावीत: ऊस नोंद आणि बिलाचं खातं ज्याच्या नावाने अर्जाला आधार द्यायचा त्याच्या नावावर करावं, दुकानाचा क्यूआर कोड दुकानाच्या खात्यावर न्यावा, आणि कर सल्लागाराकडे जाऊन घरचा खरा आकडा सांगावा. तो आकडा सहा लाख असेल तर सहा लाखच सांगा.